मकरंदाचा मध होताना: ठाण्यातल्या पहिल्या मधपेटीसाठी

येऊरच्या पायथ्याशी आमच्या घरामागे सातेरी माश्यांच्या दोन पेट्या आहेत. नवीन पेटी घेतलेले लोक बघायला येतात आणि जवळपास सगळे एकच प्रश्न विचारतात, "मध काढायचा कधी?" त्याचं उत्तर कॅलेंडरमध्ये सापडत नाही. फुलातून आणलेलं गोड पाणी माश्या कसं आटवतात हे कळलं, की चौकट हातात घेतल्यावर आपलं आपल्याला दिसतं. म्हणून या लेखात पेटी कुठून आणायची, राणी कशी ओळखायची वगैरे काही नाही. मकरंद पेटीत आल्यापासून त्यावर मेणाचं झाकण बसेपर्यंत काय होतं, ते कसं बघायचं आणि आपल्या दमट हवेत कुठे फसायला होतं, एवढंच सांगते.

पहिल्या वर्षी मी फसले होते. एप्रिलच्या मध्यात करंज फुलला आणि मधकोठीतल्या चौकटी जड लागायला लागल्या. मी दोन चौकटी काढल्या, मध छान सोनेरी होता, बरण्या भरल्या. जेमतेम तीन आठवड्यांनी एका बरणीचं झाकण फिरवलं तर फस्स आवाज झाला, वर फेस होता आणि ताडीसारखा आंबूस वास. मुरबाडकडे वर्षानुवर्षं पेट्या सांभाळणारे एक काका आहेत, त्यांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "अगं, झाकणं बघितलीस का? उघडी घरं होती ना? मग तो मध नव्हता, मकरंदच होता अजून." त्यांचं बरोबर होतं. पोळ्यातली निम्म्याहून जास्त षटकोनी घरं मेणाच्या झाकणाविना उघडी होती.

किती पाणी उडवायचं असतं

मकरंद म्हणजे मुख्यतः पाणी. झाडानुसार आणि दिवसाच्या वेळेनुसार त्यातली साखर बदलते, पण समजा 30 टक्के साखर आणि 70 टक्के पाणी आहे. आता 20 टक्के पाणी असलेला एक किलो मध घ्या. त्यात 800 ग्रॅम साखर आली. एवढी साखर मिळवायला 30 टक्क्यांचा मकरंद सुमारे 2 किलो 670 ग्रॅम आणावा लागतो. म्हणजे एक किलो मधामागे जवळजवळ 1 किलो 670 ग्रॅम पाणी हवेत सोडावं लागतं, आणि तेही लाकडाच्या बंद पेटीत, चूल न पेटवता.

हे मी काट्यावर बघितलंय. पेटीखाली वजनकाटा कायमचा ठेवलाय. करंजाच्या बहरात एका दिवशी पहाटेपासून संध्याकाळी साडेसातपर्यंत पेटीचं वजन 520 ग्रॅमने वाढलं. माश्या घरात आल्या, दार शांत झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला, एकही माशी बाहेर पडायच्या आधी, वजन 220 ग्रॅमने उतरलेलं होतं. त्यातला थोडा भाग माश्यांनी रात्री खाल्लेल्या साखरेचा, बाकी बहुतेक वाफ होऊन गेलेलं पाणी. काटा असेल तर हा प्रयोग जरूर करा. बहर सुरू झाला की नाही हे सांगायला त्याच्याइतकं सोपं साधन नाही: रात्रीची घट वाढली की समजायचं, घरात ताजा मकरंद आलाय.

पहिली पायरी: जिभेवर आटवणं

बाहेरून आलेली माशी मकरंद पोटातल्या मधपिशवीत आणते आणि बहुतेक वेळा स्वतः घरात ओतत नाही. दाराच्या आत येऊन ती तो दुसऱ्या, घरकाम करणाऱ्या माशीच्या तोंडात देते आणि पुन्हा बाहेर जाते. पुढचं काम या घरातल्या माशीचं.

मी एका पेटीच्या आतल्या झाकणाच्या जागी काही दिवस काच बसवली होती आणि संध्याकाळी लाल प्रकाशाच्या टॉर्चने बघत बसायचे. लाल रंग माश्यांना दिसत नाही, त्यामुळे त्या बिथरत नाहीत. मकरंद घेतलेली माशी गर्दीतून बाजूला, पोळ्याच्या जरा मोकळ्या जागी जाते, डोकं वर करून स्थिर बसते. मग दुमडलेली सोंड थोडी उघडते आणि सोंडेच्या वळणावर एक थेंब येतो. तो फुगतो, चपटा होतो, चकाकतो, आणि परत तोंडात जातो. काही सेकंदांनी पुन्हा तेच. अशी ती एका जागी पंधरा-वीस मिनिटं थेंब बाहेर-आत करत राहते. चिमूटभर पातळ पदार्थ वाळवायचा तर त्याचा पातळ पापुद्रा करून हवेत धरायचा, तेच ती करते.

याच वेळी तिच्या डोक्यातल्या ग्रंथींचा स्राव मकरंदात मिसळतो. त्यातलं इन्व्हर्टेज नावाचं विकर उसाच्या साखरेसारखी जी साखर मकरंदात असते तिचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. दुसरं एक विकर थोड्या ग्लुकोजपासून आम्ल तयार करतं, म्हणून गोडीमागे मधाला तो बारीकसा आंबटपणा असतो. नुसतं पाणी आटवलं असतं तर तो पाक झाला असता. जिभेवरच्या या कामामुळे तो मध व्हायला लागतो.

दुसरी पायरी: घरात पसरणं आणि पंखा

अर्धवट आटलेला मकरंद माशी षटकोनी घरात ठेवते, पण घर भरत नाही. तळाशी थोडासा, किंवा घराच्या छताला चिकटलेला एक थेंब, असं. जागा मोकळी असेल तर एकच दिवसाची आवक शेकडो घरांत पातळ पातळ पसरते. जितका पृष्ठभाग जास्त तितकी वाफ जास्त. पापड एकावर एक ठेवून वाळत नाहीत, तसंच हे. म्हणूनच बहर सुरू व्हायच्या आधी मधकोठी चढवायची. आपण उशीर केला तर माश्यांना पसरायला घरंच मिळत नाहीत, मकरंद राणीच्या अंडी घालायच्या जागेत भरला जातो आणि वसाहत फुटून उडून जायच्या तयारीला लागते.

आता पंखा. करंजाच्या किंवा जांभळाच्या बहरात रात्री नऊनंतर पेटीशी जा. दिवा लावू नका, नुसते कान द्या. आतून एकसुरी, दाट घुमणं येतं, आणि दाराशी उबदार, गोड, थोडा फुलांचा वास येतो. लाल टॉर्च मारलात तर तळपाटावर रांगेत उभ्या असलेल्या माश्या दिसतील, पाय घट्ट रोवलेल्या, पंख इतके जोरात हलणारे की नुसतं धूसर दिसतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण बरीच पुस्तकं आणि व्हिडिओ युरोपियन मेलिफेरा माश्यांवरून केलेले असतात. मेलिफेरा दाराशी डोकं आत करून उभ्या राहतात आणि आतली हवा बाहेर ओढतात. आपली सातेरी उलट उभी राहते: डोकं बाहेर, पोट दाराकडे. ती बाहेरची हवा आत लोटते. काडीला शिवणाच्या दोऱ्याचा बोटभर तुकडा बांधा आणि दाराशी, पंखा घालणाऱ्या माश्यांच्या मागे, हळूच धरा. दोरा आतल्या बाजूला ओढला जातो. हवा आत जाते म्हणजे तिला बाहेर पडायलाही वाट हवी. म्हणून आतल्या झाकणातलं जाळीचं भोक आणि वरच्या छपराची भोकं बुजवू नका. पावसाच्या भीतीने नवीन लोक वर प्लास्टिक घट्ट गुंडाळतात आणि सकाळी छपराच्या आत पाणी सुटलेलं बघून घाबरतात. ते पाऊस नसतो, मकरंदातून उडालेलं आणि बाहेर न पडू शकलेलं पाणी असतं.

प्रत्येक पंखा मध आटवण्याचा नसतो, हेही बघून शिकता येतं. भर दुपारी, मे महिन्यात, पेटीवर ऊन आलं असताना चाललेला पंखा पेटी थंड करण्यासाठी असतो, आणि त्याच वेळी काही माश्या पाणी आणताना दिसतात. पोट उंच उचलून, टोकाशी फिकट ठिपका दाखवत पंख हलवणारी माशी वास पसरवून बाकीच्यांना घराकडे बोलावते. मध आटवणाऱ्या माशीचं पोट खाली झुकलेलं असतं आणि तिचं काम रात्र झाली तरी थांबत नाही.

आपल्या हवेत हे जमतं कसं

ठाण्यात खाडीकडून दमट वारा येतो, मग मकरंद वाळतो कसा, हा प्रश्न मला बराच काळ पडला होता. मध हवेतलं पाणी शोषतो आणि कोरड्या हवेत सोडतो. हवेची सापेक्ष आर्द्रता 60 टक्के असेल तर मध साधारण 18 टक्के पाण्यावर स्थिरावतो. आर्द्रता 65 झाली तर साधारण 21 वर, 70 झाली तर 24 वर. म्हणजे उघड्यावर ठेवलेला मध आपल्याकडे आटायच्या ऐवजी पातळच होईल.

माश्या हे सोडवतात उष्णतेने. पिल्लांच्या भागात त्या तापमान 33 ते 35 अंशांच्या दरम्यान राखतात. बाहेर 28 अंशांना 70 टक्के आर्द्रतेची हवा असेल आणि ती आत जाऊन 34 अंशांपर्यंत तापली, तर त्याच हवेची आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास येते. पाणी तेवढंच आहे, पण तापलेल्या हवेत आणखी पाणी मावायला जागा झाली. ही हवा घराघरांवरून फिरते, ओली होते, बाहेर जाते. पंखा आणि ऊब दोन्ही लागतं. रोज झाकण उघडून बघणाऱ्याने हे विसरू नये. दर वेळी ऊब जाते आणि ती परत आणायला माश्यांना मधच जाळावा लागतो.

आता तेच गणित जूनच्या शेवटी करा. बाहेर 28 अंश, पण आर्द्रता 88 टक्के. आत 34 अंशांना तापवूनही ती 63 टक्क्यांच्या आसपासच येते, आणि त्यात मकरंदाचं पाणी अजून मिसळायचंय. शिवाय मधकोठी पिल्लांच्या भागापेक्षा थोडी थंड असते. माश्यांनी कितीही पंख मारले तरी मध 20 टक्क्यांच्या खाली येणं अवघड. म्हणून पावसाळ्यात मध काढूच नका. तेव्हा बाहेर फुलंही कमी असतात आणि आतला साठा माश्यांना स्वतःला लागतो.

तिसरी पायरी: झाकण

एक ते तीन दिवसांत पसरलेला मकरंद घट्ट होत जातो. मग माश्या तो उचलून कमी घरांत एकत्र करतात आणि घरं जवळजवळ काठोकाठ भरतात. मग मेणाची पाळी येते. मेण तरुण माश्या बनवतात. पोटाच्या खालच्या बाजूला चार जोड्या ग्रंथी असतात, तिथे अभ्रकाच्या पापुद्र्यासारखे पातळ खवले सुटतात. मागच्या पायाने खवला काढायचा, तोंडाशी आणायचा, चावून मऊ करायचा आणि लावायचा.

झाकण कडेपासून आत बांधलं जातं. काचेखाली मी एक घर धरून ठेवलं होतं: आधी भिंतीच्या वरच्या काठावर मेणाची बारीक कड आली, मग ती आत सरकत गेली आणि शेवटी मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं छिद्र उरलं, त्यातून मध चमकत होता. सगळं एकाच माशीने केलं नाही. वेगवेगळ्या माश्या आल्या, प्रत्येकीने थोडंसं मेण लावलं आणि गेल्या. सकाळी बघितलं तेव्हा छिद्र बुजलं होतं. मधकोठीच्या चौकटीत हे काम वरच्या पट्टीपासून सुरू होतं आणि खाली उतरतं, त्यामुळे चौकटीचा वरचा भाग पांढरा-फिकट आणि खालचा चकाकणारा दिसतो.

चौकट हातात घेतल्यावर

संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, थोडा धूर देऊन मधकोठीतली एक चौकट उचला. मऊ ब्रशने माश्या हळूच खाली सारा. दोन्ही बाजू बघा, कारण एक बाजू पूर्ण झाकलेली आणि दुसरी अर्धी उघडी असं बरेचदा होतं. दोन्ही बाजूंना चार भागांपैकी किमान तीन भाग झाकण असेल तरच पुढे जा. माझा स्वतःचा नियम याहून कडक आहे, दहात नऊ घरं झाकलेली हवीत, आणि ठाण्यासाठी मी तोच सांगेन.

उरलेली उघडी घरं तपासायला चौकट पेटीवरच आडवी धरा आणि खालच्या दिशेने एक झटका द्या. थेंब उडाले तर तो अजून मकरंद आहे, चौकट परत ठेवा. उडाले नाहीत तर ती घरं फक्त झाकण बसायची बाकी आहेत.

आपल्याकडे मात्र झाकण दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. कोरड्या प्रदेशातली पुस्तकं म्हणतात, झाकण बसलं म्हणजे मध पिकला. माश्या झाकतात तेव्हा त्यांच्या परीने काम झालेलं असतं, पण दमट हवेत ते 21-22 टक्क्यांवरच थांबलेलं असू शकतं. मधाचा रिफ्रॅक्टोमीटर घ्या, पाण्याचे टक्के थेट दाखवणारा. फळांच्या रसासाठी असतो तो साधा चालत नाही, त्याची पट्टी मधापर्यंत पोचतच नाही. झाकलेल्या तीन-चार घरांतला थेंब काडीने काढून काचेवर लावा, झाकणी दाबा, अर्धा मिनिट थांबा आणि उजेडाकडे धरून वाचा. विकायचा मध एफएसएसएआयच्या मानकानुसार 20 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. घरात खायचा असला तरी त्याच आकड्यावर थांबा, कारण त्याच्या वर यीस्टला जगायला पुरेसं पाणी असतं. माझी पहिल्या वर्षीची बरणी यीस्टमुळेच फसफसली होती.

दोन वर्षांपूर्वी मेच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या दोन चौकटी जवळजवळ पूर्ण झाकलेल्या होत्या आणि आकडा आला 21.5. पाऊस तोंडावर होता, माश्यांकडे परत देऊन तो खाली आला नसता. मी मध मधयंत्रातून काढला, दोन मोठ्या स्टीलच्या परातींत बोटभर उंचीचा थर केला, वर मलमलचं कापड बांधलं आणि छोट्या खोलीत एसी ड्राय मोडवर लावून दार-खिडक्या बंद केल्या. शेजारी आर्द्रतामापक ठेवला. तो 50 च्या आसपास आला तेव्हाच परातींवरचं कापड काढलं. कोरड्या चमच्याने अधूनमधून ढवळलं. दोन रात्रींत आकडा 20 च्या जरा खाली आला. गॅसवर गरम करून आटवायचा विचार करू नका, मधाचा वास आणि विकरं दोन्ही जातात.

आणखी एक सावधगिरी. फुलांच्या दुष्काळात आपण माश्यांना साखरेचा पाक देतो. माश्या तो पाकही याच पद्धतीने जिभेवर आटवतात, पंखा घालतात आणि झाकतात. चौकट दिसायला अगदी मधासारखी दिसते. पाक दिल्याच्या काळात भरलेल्या चौकटींवर मी मार्करने लाकडी पट्टीवर खूण करते आणि त्या फक्त माश्यांसाठी ठेवते. मधकोठी चढवायच्या आधी पाक बंद झालेला हवा.

मध काढून झाल्यावर बरणी पूर्ण कोरडी आणि काठोकाठ भरा, म्हणजे वर दमट हवेला जागा उरत नाही. चिठ्ठीवर तारीख, कोणता बहर आणि रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा लिहा. रिकाम्या चिकट चौकटी त्याच संध्याकाळी, अंधार पडता पडता पेटीत परत ठेवा. दिवसा ठेवल्या तर शेजारच्या पेटीतल्या माश्या वासाने लुटायला येतात. रात्रभर माश्या ती घरं चाटून पुसून काढतात. सकाळी चौकट उचलून बघाल तर बोटाला काही चिकटत नाही.